पहिल्यांदाच गेलेल्या दुकानात माझे कार्ड कसे दिसले?

सुलभा_पुणे

नमस्कार. गेल्या काही दिवसांत ऑनलाइन खरेदी करताना तीन वेगवेगळे अनुभव आले. त्यांचा एकमेकांशी मेळ लागत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

मी नेहमी किराणा मागवते त्या संकेतस्थळावर माझ्या कार्डाचे शेवटचे चार अंक आधीपासून दिसतात. मी बटण दाबते, बँकेचा ओटीपी येतो आणि काम होते. नंतर भाचीसाठी सावंतवाडीची लाकडी खेळणी मागवायला एका लहान दुकानाच्या संकेतस्थळावर गेले. तिथे मी यापूर्वी कधीही गेले नव्हते, तरी कार्ड क्रमांकाच्या चौकटीवर बोट ठेवताच तेच चार अंक खाली उमटले. तिसरे दुकान कपड्यांचे होते. तिथे मोबाइल क्रमांक आणि त्यावर आलेला ओटीपी टाकल्याबरोबर माझा पूर्ण पत्ता, अगदी इमारतीच्या विंगसह, आपोआप भरला गेला, पण कार्ड मात्र दिसले नाही.

माझा प्रश्न असा, की माझे कार्ड नक्की कोणाकडे साठवलेले आहे? आणि खेळण्यांच्या दुकानाला माझा क्रमांक मी देण्याआधीच कळला होता का? मी त्या पानावर काहीही न भरता परत फिरले आहे.

दत्ता_सोलापूर

सुलभाताई, १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने कार्डाचा क्रमांक साठवून ठेवण्यास बंदी घातली आहे. फक्त बँक आणि व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे यांसारख्या कार्ड नेटवर्कना तो ठेवता येतो. त्यामुळे ब्राउझरलाही तो ठेवता येत नाही. खेळण्यांच्या दुकानात तुमचे कार्ड दिसले याचा अर्थ त्या दुकानाने ते कुठून तरी मिळवले. मी तुमच्या जागी असतो तर आधी कार्ड बंद केले असते आणि मग तक्रार नोंदवली असती.

अनिरुद्ध_प

दत्ताजींनी दिलेली तारीख बरोबर आहे, परंतु त्यातून काढलेला निष्कर्ष बरोबर नाही, आणि त्यामुळे एका निर्दोष दुकानावर आळ येतो आहे. मी बरीच वर्षे पेमेंट प्रणालींवर काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तो नियम दुकाने आणि दुकानाच्या वतीने ऑनलाइन पैसे स्वीकारणारे मध्यस्थ, म्हणजे पेमेंट ॲग्रिगेटर आणि गेटवे, यांच्यासाठी आहे. तुम्ही स्वतःच्या फोनवर किंवा संगणकावर ब्राउझरमध्ये जपून ठेवलेला क्रमांक ही वेगळी गोष्ट आहे. सुलभाताईंनी कधीतरी ‘कार्ड सेव्ह करायचे का?’ या ब्राउझरच्या विचारणेला होकार दिलेला असणार. क्रोममध्ये पत्त्याच्या पट्टीत `chrome://settings/payments` लिहिले की जपलेल्या कार्डांची यादी दिसते. ते कार्ड तिथे असेल तर दुसऱ्या दुकानाचे कोडे तिथेच सुटते.

आता खेळण्यांच्या दुकानात प्रत्यक्षात काय घडले ते पाहू. दुकानाच्या पानावरील चौकटींना साधारणपणे अशी खूण असते:

```html
<input autocomplete="cc-number">
<input autocomplete="cc-exp">
<input autocomplete="cc-csc">
```

पहिली चौकट क्रमांकाची, दुसरी मुदतीची आणि तिसरी सीव्हीव्हीची. ही खूण वाचून, आणि ती नसेल तर चौकटीचे नाव व शेजारचा मजकूर पाहून, ब्राउझर ओळखतो की येथे कार्ड हवे आहे. मग तो स्वतःजवळची यादी खाली उघडतो. ही यादी पानाचा भाग नसते, ती ब्राउझरने पानाच्या वर रेखाटलेली असते, आणि पानावरच्या कोडला ती वाचता येत नाही. एखाद्या कार्डावर माउस नेला की चौकटीत फिकट अक्षरे दिसतात, तीदेखील पानाच्या लेखी रिकामीच चौकट असते. त्यामुळे ताई, तुम्ही कार्ड निवडले नसेल तर दुकानाला एकही अंक कळलेला नाही.

मात्र कार्ड निवडल्याच्या क्षणी परिस्थिती बदलते. चौकटी भरल्या जातात आणि त्यानंतर तुम्ही हाताने टंकलेला क्रमांक व ब्राउझरने भरलेला क्रमांक यांत पानाच्या दृष्टीने काहीही फरक राहत नाही. ब्राउझर तुमचे टंकन वाचवतो, क्रमांक दुकानापासून लपवत नाही. हे लक्षात न घेतल्यामुळे अनेक जण ऑटोफिलला सुरक्षाकवच समजतात.

कोकणकर

पण ब्राउझर खोट्या संकेतस्थळावर पासवर्ड भरत नाही. तसेच तो कार्डही भरणार नाही, नाही का? माझा आतापर्यंत तोच समज होता, आणि त्याच भरवशावर मी नवीन संकेतस्थळांवर खरेदी करतो.

अनिरुद्ध_प

कोकणकर, तुम्ही फार महत्त्वाचा मुद्दा काढलात, कारण दोन्हींचे वागणे मुळातच निराळे आहे. पासवर्ड एका विशिष्ट डोमेनशी बांधलेला असतो. बँकेच्या नावात एखादे अक्षर बदलून कोणी बनावट संकेतस्थळ काढले, तर ब्राउझरकडे त्या डोमेनसाठी जपलेला पासवर्डच नसतो, म्हणून तो गप्प राहतो, आणि ते गप्प राहणे हाच आपल्यासाठी इशारा असतो. कार्ड मात्र कुठल्याच डोमेनशी बांधलेले नसते, कारण ते नवनव्या दुकानांत वापरायचे असते. पान `https` वर असले आणि चौकटी कार्डाच्या वाटल्या की ब्राउझर यादी पुढे करतो. बनावट दुकानालाही `https` सहज मिळते. तेव्हा ‘ब्राउझरने कार्ड सुचवले’ ही दुकानाच्या सचोटीची खूण मानू नये.

शिवाय दुकान खरे असले तरी त्याच्या पानात कोणी घुसखोरी केली असेल तर तोच धोका उरतो. २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या संकेतस्थळावर हेच घडले होते. हल्लेखोरांनी भरणा करण्याच्या पानावरील स्क्रिप्टमध्ये अवघ्या २२ ओळी घुसवल्या आणि ग्राहकाने भरलेले कार्डाचे तपशील विमान कंपनीबरोबरच `baways.com` या हुबेहूब वाटणाऱ्या डोमेनवरही जाऊ लागले. सीव्हीव्हीसुद्धा गेला, कारण तो साठवणुकीतून नव्हे तर चौकटीतूनच उचलला जात होता. ब्रिटनच्या माहिती आयुक्तालयाने २०२० मध्ये कंपनीला २ कोटी पौंडांचा दंड केला. त्या पानावर क्रमांक ब्राउझरने भरला काय किंवा हाताने भरला काय, परिणाम एकच होता.

मीनल_साडीघर

मी दुकानदारांच्या बाजूने लिहिते. माझे येवल्याच्या पैठण्यांचे छोटे ऑनलाइन दुकान आहे. अनिरुद्ध यांनी सांगितले त्यात एक भर घालावीशी वाटते, की आमच्यासारख्या बहुतेक लहान दुकानांच्या पानावर कार्डाच्या चौकटी आमच्या नसतातच. त्या पेमेंट गेटवेच्या असतात. कधी गेटवेची वेगळी खिडकी उघडते, तर कधी आमच्या पानात आयफ्रेम, म्हणजे गेटवेच्याच पानाचा तुकडा, बसवलेली असते. ग्राहकाला ते एकच पान दिसते, पण आतल्या चौकटीत काय लिहिले हे आमच्या पानाला वाचता येत नाही. माझ्याकडे ऑर्डरसोबत येतात ते फक्त शेवटचे चार अंक, बँकेचे नाव आणि व्यवहाराचा क्रमांक. एखाद्या ग्राहकाने ‘माझा कार्ड नंबर तुमच्याकडे असेलच, त्यातूनच परत घ्या’ असे सांगितले तर मला खरोखरच ते करता येत नाही.

परंतु याच व्यवस्थेमुळे एक वेगळाच त्रास झाला होता, तो ऑटोफिलशी थेट संबंधित आहे म्हणून सांगते. आमच्या एका जुन्या चेकआउटमध्ये काही ग्राहकांना ‘कार्डाची मुदत संपली आहे’ असा संदेश येत असे, आणि ते बँकेला फोन करत. बँक सांगे की कार्ड चालू आहे. मुलीने एका ग्राहकासोबत स्क्रीन शेअर करून पाहिले तेव्हा कारण सापडले. कार्डाची मुदत डिसेंबर २०२८ होती. ब्राउझरने `12/2028` असे भरले, परंतु फॉर्म तयार करणाऱ्याने महिना आणि वर्षाचे दोनच अंक अपेक्षित धरले होते. त्याच्या कोडने पहिले चार अंक ठेवून उरलेले कापले आणि चौकटीत `12/20` उरले, म्हणजे डिसेंबर २०२०. हाताने भरणाऱ्या ग्राहकांना ही अडचण कधीच आली नाही, कारण ते `12/28` असेच लिहीत. त्यामुळे ऑटोफिलनंतर व्यवहार नाकारला गेला तर बँकेला फोन करण्यापूर्वी मुदतीची चौकट डोळ्यांनी तपासावी, अशी सर्वांना विनंती आहे.

सुलभा_पुणे

मीनलताई, अनिरुद्ध, मनापासून आभार. यादीत कार्ड सापडले. ते मी लॅपटॉपवर जपलेले होते, म्हणजे खेळण्यांच्या दुकानाबद्दलची शंका मिटली आणि आता मी तिथून खेळणी मागवणार आहे. पण मग किराण्याच्या संकेतस्थळावरचे कार्ड? दत्ताजी म्हणतात तसा नियम असेल तर ते दुकान माझे कार्ड कसे काय लक्षात ठेवते?

अनिरुद्ध_प

ते दुकान कार्ड लक्षात ठेवत नाही, टोकन लक्षात ठेवते. तुम्ही तिथे ‘कार्ड सुरक्षित ठेवा’ अशा आशयाच्या चौकोनात खूण केली आणि ओटीपी दिला, तेव्हा दुकानाच्या वतीने कार्ड नेटवर्ककडे विनंती गेली. नेटवर्कने तुमच्या खऱ्या क्रमांकाच्या जागी वापरायचा एक दुसरा क्रमांक तयार करून दिला. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार हे टोकन कार्ड, टोकन मागणारी संस्था आणि दुकान या तिघांच्या विशिष्ट जोडणीसाठीच असते. दुकानाला त्यासोबत ओळखीपुरते शेवटचे चार अंक आणि बँकेचे नाव ठेवण्याची मुभा आहे. तुम्हाला दिसतात ते हेच चार अंक.

यातला खरा लाभ असा, की किराण्याच्या संकेतस्थळाची सगळी माहिती उद्या चोरीला गेली, तरी चोराला ते टोकन दुसऱ्या दुकानात चालवता येणार नाही. ब्राउझरमधून भरलेल्या खऱ्या क्रमांकाबाबत असे म्हणता येत नाही. म्हणून ज्या दुकानात वारंवार खरेदी होते तिथे टोकन करून ठेवणे मी ब्राउझरच्या ऑटोफिलपेक्षा नेहमीच चांगले मानतो.

वैशाली_न्यूजर्सी

मी वाचत होते आणि माझा अनुभव अगदी उलटा असल्यामुळे लिहिते आहे. इथे मी एका मेणबत्त्यांच्या दुकानाच्या संकेतस्थळावर पहिल्यांदाच गेले. केवळ ईमेल लिहिला, फोनवर सहा अंकी कोड आला, तो टाकला आणि पत्त्यासह माझे कार्ड समोर हजर. ब्राउझरची यादी वगैरे काहीच नव्हती. एक बटण दाबले आणि खरेदी पूर्ण झाली, बँकेकडून कसलीही विचारणा नाही. मग हे टोकन दुकानापुरते कसे काय?

अनिरुद्ध_प

वैशालीताई, बटण जांभळ्या रंगाचे होते का? तसे असेल तर ते बहुधा शॉप पे. ते दुकान शॉपिफायवर, म्हणजे ऑनलाइन दुकाने उभारून देणाऱ्या कंपनीच्या सेवेवर, उभारलेले असणार. तुम्ही पूर्वी शॉपिफायवरच्याच दुसऱ्या एखाद्या दुकानात माहिती जपायला होकार दिला होता. कार्ड त्या मेणबत्तीवाल्याकडे नाही, दोन्ही दुकानांच्या मागे असलेल्या शॉपिफायकडे आहे. ईमेल ही तुमची ओळख आणि फोनवरचा कोड हा तिचा पुरावा. पेपॅल आणि स्ट्राइपचे लिंक हेही साधारण याच रीतीने चालतात. ब्राउझर बदलला, लॅपटॉप बदलला, तरी कार्ड दिसेल, कारण ते तुमच्या यंत्रावर नाहीच.

ॲपल पे याहून वेगळे. तिथे फोनमधील सुरक्षित चिपमध्ये कार्डाऐवजी त्या उपकरणापुरता क्रमांक असतो, आणि प्रत्येक व्यवहारासाठी एकदाच चालणारा संकेत तयार होतो. दुकानाच्या पानावर भरण्यासाठी चौकटीच नसतात, त्यामुळे ब्रिटिश एअरवेजच्या प्रकरणासारख्या स्क्रिप्टला तिथून कार्ड क्रमांक चोरता येत नाही.

एक गंमतीची माहिती: एका टिचकीतील खरेदीचे अमेरिकेतील पेटंट ॲमेझॉनला १९९९ मध्ये मिळाले आणि ते २०१७ मध्ये संपले. पण ते एकाच दुकानातल्या जपलेल्या माहितीबद्दल होते. आपण येथे बोलतो आहोत ती अनेक दुकानांतून चालणारी टिचकी, तिचा प्रश्न निराळा आहे: दुकान बदलल्यावर ग्राहकाला ओळखायचे कोणी?

मध्यमवर्ग

माझाही याच विषयाशी संबंधित प्रश्न आहे. माझे कार्ड हरवले म्हणून बँकेने नवीन दिले. एका वर्तमानपत्राची मासिक वर्गणी आपोआप कापली जात होती, ती बंद पडली. ब्राउझरमध्ये मी नवीन कार्ड भरले आहे, तरी वर्गणी जात नाही. ब्राउझरने तिकडे कळवायला नको का?

मीनल_साडीघर

नाही हो, ब्राउझरमधील यादी ही फक्त तुमचे टंकन वाचवण्यासाठी आहे, ती कोणालाही काही कळवत नाही. वर्गणी चालते ती ई-मँडेटवर, म्हणजे रक्कम आपोआप कापण्याला तुम्ही दिलेल्या परवानगीवर, आणि त्याचा बँकेशी वेगळा करार असतो. कापण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला सूचना येते ती त्याचीच. वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावर जाऊन नव्या कार्डाने मँडेट पुन्हा नोंदवा.

अनिरुद्ध_प

मीनलताईंचे उत्तर योग्य आहे. त्याला जोडून सांगतो, की कार्ड बदलल्यावर दुकानांतील जुनी टोकनेही गुपचूप नव्या कार्डाला जोडली जात नाहीत. जुन्या दुकानांशी नवे कार्ड जोडायचे का, याबद्दल बँकेने तुमची स्पष्ट संमती घ्यायची असते. ‘नवीन कार्ड आले आणि सगळीकडचे कार्ड गायब झाले’ ही तक्रार वारंवार ऐकू येते, तिचे कारण बहुधा येथेच सापडते.

दत्ता_सोलापूर

ब्राउझरला नियम लागू नाही हे मला पटले. पण आपल्याकडे एका टिचकीत खरेदी होत नाही ती सरकारी अडवणूक आहे, असे मला अजूनही वाटते. वैशालीताईंना बँक विचारतही नाही, आणि आम्ही दर वेळी ओटीपीची वाट पाहत बसतो. गावाकडे नेटवर्क गेले की खरेदी अर्धवट राहते.

वैशाली_न्यूजर्सी

दत्ताजी, सोय आहे हे खरे, पण माझ्या मैत्रिणीच्या कार्डावर अशाच न विचारता झालेल्या व्यवहारांची रांग लागली होती. पैसे परत मिळाले, तरी त्यासाठी फॉर्म, फोन आणि नवीन कार्ड या सगळ्यातून जावे लागले. मला ओटीपी परवडेल.

अनिरुद्ध_प

येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. कार्ड भरण्याचे श्रम आणि ग्राहकाची खातरजमा ही दोन स्वतंत्र कामे आहेत. आपल्याकडे २००९ पासून देशांतर्गत ऑनलाइन कार्ड व्यवहारासाठी जादा खातरजमा सक्तीची आहे, त्यामुळे ऑटोफिल किंवा टोकन कितीही चांगले असले तरी ते पहिलेच काम वाचवते. टोकन केलेल्या कार्डासाठी अनेक ठिकाणी आता सीव्हीव्हीही मागत नाहीत. रुपेने २०२३ मध्ये ही सोय सुरू केली. दत्ताजींची नेटवर्कची अडचण मात्र खरी आहे आणि एसएमएसवर अवलंबून असलेल्या पद्धतीचा तो दोषच आहे.

हेही ध्यानात असू द्या, की परदेशी संकेतस्थळावर भारतीय कार्ड ओटीपीशिवाय चालू शकते. तिथे क्रमांक, मुदत आणि सीव्हीव्ही एवढे पुरते. ज्यांना परदेशी खरेदी करायची नाही त्यांनी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर बंद ठेवावा. ब्राउझरमध्ये जपलेल्या कार्डाबाबत मी हे आवर्जून सांगतो.

कोकणकर

माझी एक शंका अजून तशीच आहे. सुलभाताईंच्या तिसऱ्या दुकानासारख्याच एका दुकानात मोबाइल क्रमांक टाकल्यावर मला पत्ता तर दिसलाच, पण गेटवेच्या खिडकीत कार्डाचे शेवटचे चार अंकही दिसले. त्या दुकानात मी पहिल्यांदाच गेलो होतो. टोकन जर एकाच दुकानापुरते असेल तर हे कसे शक्य आहे?

अनिरुद्ध_प

पत्त्याचे उत्तर सोपे आहे. अनेक दुकाने चेकआउटचे काम एकाच सेवा पुरवठादाराकडे सोपवतात. तुम्ही पूर्वी त्याच पुरवठादाराच्या दुसऱ्या दुकानात पत्ता दिलेला असतो आणि मोबाइल क्रमांक ही तुमची ओळख ठरते. पत्त्यावर कार्डासारखे बंधन नाही. सुलभाताईंच्या कपड्यांच्या दुकानात हेच घडले.

कार्डाबद्दल आधी ते ब्राउझरने दाखवले की गेटवेने, हे पाहावे लागेल. त्यासाठी क्रोमची गुप्त खिडकी वापरू नका, कारण तिच्यातही जपलेली कार्डे सुचवली जातात. संगणकावर अतिथी प्रोफाइल उघडा. तिथे ब्राउझरजवळ काहीही जपलेले नसते. त्यात तेच दुकान उघडून मोबाइल क्रमांक आणि ओटीपी द्या. कार्ड दिसेनासे झाले तर ते ब्राउझरचे होते. तरीही दिसले तर ते पलीकडच्या सर्व्हरवर आहे.

कोकणकर

आत्ताच करून पाहिले. अतिथी प्रोफाइलमध्येही चार अंक दिसतात. म्हणजे ते गेटवेकडून येत आहेत.

मीनल_साडीघर

मग कधीतरी त्या गेटवेच्या खिडकीत, दुकानाच्या नव्हे, कार्ड जपण्याला तुम्ही संमती दिली असेल. माझ्या दुकानाच्या खिडकीतही संमतीची ओळ गेटवेच्या नावानेच येते आणि ग्राहक ती दुकानाची समजतात.

अनिरुद्ध_प

शक्य आहे, पण माझे समाधान झालेले नाही. गेटवेने स्वतःच्या नावावर घेतलेली संमती पुढच्या दुकानाला कितपत पुरते, यावर आमच्या क्षेत्रातही वेगवेगळी मते ऐकू येतात. कोकणकर, तुमचे कार्ड कोणाकोणाच्या नावे टोकन केलेले आहे याची यादी दाखवणे आणि तिथून नाव काढून टाकण्याची सोय देणे बँकेवर बंधनकारक आहे. ती यादी पाहिली तर टोकन दुकानाच्या नावे आहे की आणखी कोणाच्या, हे कळेल.

कोकणकर

बँकेच्या ॲपमध्ये शोधले, ‘कार्ड व्यवस्थापन’मध्ये तसे काही सापडले नाही. सोमवारी शाखेत जाऊन लेखी विचारतो आणि उत्तर इथेच लिहितो. तोपर्यंत त्या खिडकीतून कार्ड काढून टाकले आहे.

सुलभा_पुणे

माझ्या बँकेच्या संकेतस्थळावर ती यादी ‘टोकनायझेशन’ या नावाखाली सापडली, ॲपमध्ये नव्हती. कोकणकर, तुम्हीही संगणकावरून नेटबँकिंग उघडून पाहा. माझ्या यादीत किराण्याच्या दुकानाबरोबरच एका अशा दुकानाचे नाव आहे जिथून मी कित्येक वर्षांत काही घेतलेले नाही. ते नाव आता काढते आहे. अनिरुद्ध, ते काढल्यावर त्या दुकानात राहिलेल्या परताव्याच्या रकमेचे काय होते? माझी एक ऑर्डर रद्द होऊन पडली आहे.

अनिरुद्ध_प

परतावा मूळ व्यवहाराच्या क्रमांकावर जातो, त्यासाठी टोकन चालू असण्यावर तो सहसा अवलंबून नसतो. तरी रक्कम जमा होईपर्यंत थांबा आणि मग नाव काढा. दुकानाशी वाद झाला तर सांगायला सोपे जाते.